कथा: चाकाची कडा (आणि मशीनवाल्यांना एक विचारणा)

महालकर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी कथा टाकतोय. माणसं काल्पनिक आहेत पण मशीनचं काम खरं आहे, आमच्या घरी शिलाईचं दुकान होतं त्यामुळे लहानपण हेड खोलता-लावता गेलं. शेवटी एक विचारणा आहे, ती वाचल्याशिवाय जाऊ नका.

मे महिना, नागपूरचं ऊन, आणि आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून महालातल्या त्या गल्लीत आबाजींच्या दुकानात युनिफॉर्मच्या कापडाचा ढीग पार छताला टेकलेला. आबाजी शिवायचे, आणि फावल्या वेळात लोकांच्या मशीनी दुरुस्त करायचे. यंदा फावला वेळच नव्हता म्हणून ते काम नातवाकडे आलं. पोट्टा आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करत होता, सुट्टी होती, आणि आबाजींसोबत बसून त्याचा हात बसला होता.

एक दिवस भरदुपारी एक माणूस पोत्यात गुंडाळलेलं हेड घेऊन आला. काळ्या बॉडीचं, घरगुती. म्हणे बहिणीची मशीन आहे, टाका सोडून राहिली आणि सुया मोडून राहिली. आबाजींनी मान वर न करता विचारलं, "हेच हेड दिवाळीच्या आधी आणलं होतं ना तुम्ही?" तो म्हणाला, "हो, तवाबी हेच होतं."

पोट्ट्यानं हेड उताणं केलं. शटल काढलं, दात्यांखालचा कचरा ब्रशनं झाडला, टायमिंग पाहिलं, ते बरोबर होतं. मग सुईच्या प्लेटकडे गेला तर भोकाच्या कडेला डावीकडे बारीक बारीक खड्डे पडलेले, म्हणजे सुई सरळ खाली न जाता प्लेटवर आपटत होती. सुई काढून नखावर टोक ओढून पाहिलं तर नख खरवडलं. टोक वळलेलं, मग टाका सुटणारच. दिवाळीच्या आधी आबाजींनी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं भोक घासून सुई बदलून दिली होती, आणि सहा-सात महिन्यांत परत तेच.

त्यानं भोक घासलं, नवी सोळा नंबरची सुई लावली, एका तुकड्यावर हातानं चाक फिरवून शिवून पाहिलं. टाका एकदम बरोबर. काम झालं होतं खरं तर. पण चाक फिरवताना त्याला काहीतरी वेगळं लागलं. चाकाच्या मधल्या खाचेत, जिथे पट्टा बसतो, तिथे गंज होता. पट्टा रोज फिरत असेल तर खाच घासून चकचकीत राहते. आणि इथे उलटं, खाच गंजलेली आणि चाकाची बाहेरची कडा, जिच्यावर काळा रंग असायला पाहिजे, ती घासून घासून आरशासारखी झालेली.

"आबाजी, ह्या चाकाले पाहा जरा."

आबाजींनी चष्मा वर केला. बोट फिरवलं. "पट्टा लावतच नाहीत ह्याले."

"मग चालवतात कशी? हँडल तर नाही."

"चाक भरीव आहे बे. हँडल बसाले आऱ्यांचं चाक लागते. तळहातानं फिरवतात, दुसरं काय."

आणि मग प्लेटचे खड्डे पोट्ट्याच्या लक्षात आले. उजवा हात चाकावर असेल तर कापड एकट्या डाव्या हातात. एका हातानं कापड सांभाळणारा माणूस कापड ढकलत नाही, ओढतो. कापड ओढलं की खाली जाणारी सुई वाकते आणि वाकलेली सुई प्लेटला लागते. म्हणजे मशीनमध्ये बिघाड नव्हताच, जशी चालवली जात होती त्यातून सुई मरत होती, आणि आपण दर वेळी सुईच बदलून देत होतो.

संध्याकाळी तो हेड पोचवायला स्वतः गेला, नंदनवनकडे. ताई जमिनीवर बसलेल्या, बाजूला कुबड्या. दोन्ही पायांना लहानपणी पोलिओ झालेला. मशीन एका बुटक्या चौरंगावर. भिंतीला लागून परकरांचा आणि उशीच्या खोळींचा गठ्ठा.

"ब्लाउज नाही शिवत ताई?"

"येते न मले. कापता बी येते. पण गळा आन् मुंढा फिरवाले दोन हात लागतात कापडावर. माझा एक तर चाकावर." त्या म्हणाल्या. "परकराचे किती भेटतात तुले माहीत आहे. ब्लाउजवाल्या बाया माझ्याकडून परकर घेतात आन् ब्लाउज दुसरीकडे टाकतात."

"मोटर?"

"दुकानात गेलो होतो. तो म्हणे मोटर लावून देतो, पण पायानं दाबा लागते. मग मी घरी आली."

पोट्टा तिथंच बसून राहिला. मोटर मिळते, हेडच्या मागे मोटर कसायची जागा पण होती, फक्त ती चालू-बंद करायचा जो डबा आहे तो पायासाठीच बनवलेला. बाकी सगळं होतं.

आबाजींनी आधी मनाई केली. "मशीन दुरुस्त करणं आपलं काम. तिची वायरिंग करत फिरू नको, सीझन आहे." पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच कपाटातून जुनी मोटर आणि तो डबा, म्हणजे रेग्युलेटर, काढून दिला. काही बोलले नाहीत.

पहिल्यांदा पोट्ट्यानं रेग्युलेटर चौरंगावर उजव्या कोपराखाली ठेवला. मशीन पळाली, ताई हसल्या, आणि हातभर शिलाई झाल्यावर पाहिलं तर सगळी नागमोडी. कोपर दाबलं की त्याच हाताचं मनगट हलते, आणि मनगटात कापड. सरळ शिलाईला कसंतरी चालेल, गळ्याला नाही.

मग त्यानं विचारलं की पायातली कुठली हालचाल जमते. डावा पाय अजिबात नाही. उजवा गुडघा मात्र त्यांना मांडीच्या जोरावर बाहेरच्या बाजूला थोडा ढकलता यायचा, पावलात काही नाही पण कमरेपाशी जोर होता. म्हणून त्यानं एक फळी उभी केली, तिच्यावर रेग्युलेटर आडवा कसला, गुडघ्याच्या उंचीवर. आता ढकलला तर दबेना. ती स्प्रिंग पावलाच्या वजनाच्या हिशोबानं असते, गुडघ्याच्या बाजूच्या जोरानं नाही हटत. आणि पूर्ण ताकद लावली की एकदम दबून मशीन सुसाट.

त्यावर उपाय घरातच निघाला. दीड वीत लांबीची लाकडी पट्टी, एका टोकाला बिजागरी. रेग्युलेटरचं बटण बिजागरीच्या जवळ आणि गुडघा पट्टीच्या लांबच्या टोकाला. जोर कमी लागायला लागला, आणि गुडघा जास्त सरकवल्यावर बटण थोडंसं दबतं म्हणून स्पीड पण हळूहळू वाढवता यायला लागला.

आबाजी स्वतः आले पाहायला. सरळ शिलाई पाहिलीच नाही त्यांनी. खिशातून ब्लाउजच्या गळ्याचा कापलेला तुकडा काढला, पट्टीसकट. "हा लाव." गोल गळा, वळणावर दर दोन-तीन टाक्यांनी थांबा लागते, सुई कापडातच ठेवून मशीनचा पाय उचलून कापड फिरवा लागते. ताई थांबल्या की मशीन आणखी एक टाका पुढे जायची. पुन्हा सुरू करताना मोटर आधी घुंई करून अडकायची आणि मग झटका द्यायची. दोन ठिकाणी शिलाई बाहेर गेली. आबाजी वाकून म्हणाले, "सुरू करताना चाकाले उजव्या हातानं जरासा धक्का दे बाई, मग दोन्ही हात कापडावर आण. तुझा तळहात तसाही सवयीचा आहे चाकाले." तसं केल्यावर झटका गेला. तिसरा गळा बाहेर कुठे गेला नाही.

एक गोष्ट पोट्ट्यानं जाताना केली. सुई ओवताना ताईंचा गुडघा पट्टीला टेकला आणि मशीन फिरली होती, बोट थोडक्यात वाचलं. म्हणून डाव्या हाताला वेगळा बटणाचा बोर्ड लावला आणि सांगितलं की सुईजवळ बोट न्यायच्या आधी तो बंद म्हणजे बंद.

पुढच्या आठवड्यात ताईंचा फोन आला, मशीनबद्दल नव्हता. "माझ्यासोबत संघटनेत एक बाई आहे कामठीची. तिच्या तर कमरेतही जोर नाही. तिची मशीन कशी लावशील?" पोट्ट्याकडे उत्तर नव्हतं. "मी येतो पाहाले," एवढंच म्हणाला.

(कथा इथवर. विचारणा ही की पायाशिवाय मोटर चालवायची आणखी कुठली पद्धत तुमच्या पाहण्यात आहे? पुढचा भाग त्यावर लिहायचा आहे.)

शिलाई_मानेवाडा

कापड ओढल्यानं सुई वाकते हे अगदी खरं, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिले पंधरा दिवस हेच सांगत असते की दाते कापड नेतात, तुम्ही फक्त दिशा द्या. पण मला एक सांगा, तिला पायउचलणीचं काय? गळ्यावर प्रत्येक वळणाला मागचा खटका हातानं वर करावा लागतो, म्हणजे परत एक हात जातो. मोटरनं चाकावरचा हात मोकळा केला तरी तो हात खटक्याला गुंतणार. माझ्या अंदाजानं त्या बाईला एका ब्लाउजला दुसऱ्या बाईपेक्षा बराच जास्त वेळ लागेल. कथेत ते यायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल पट्टी लावली आणि झालं.

महालकर

खटका हातानंच उचलायचा आहे, पण त्या वेळी मशीन थांबलेली असते त्यामुळे शिलाई बिघडत नाही. वेळ जास्त लागेल हे बरोबर, पुढच्या भागात पहिल्या ब्लाउजचं गिऱ्हाईक येणार आहे, तिथे येईल ते.

विदर्भपुत्र_७

अरे इतका खटाटोप कशाला, कारखान्याच्या ज्यूकी टाइप मशीनला गुडघ्यानं चालवायची पट्टी कंपनीचीच येते की! माझ्या मावसभावाच्या युनिटमध्ये सगळ्या बाया गुडघ्यानं ढकलतात, मी डोळ्यानं पाहिलंय. तशी मशीन घेऊन दिली की प्रश्न मिटला.

इतवारीचा मिस्त्री

भाऊ तुम्ही पाहिलं ते बरोबर आहे पण ती पट्टी स्पीडची नाही. कारखान्याच्या मशीनला गुडघ्याची पट्टी असते ती मशीनचा पाय उचलायला, म्हणजे वर शिलाईवाल्या ताईंनी जो खटका म्हटला त्याचं काम ती करते. पळवायला खाली पायडल असतेच, आणि ती सगळी बाई खुर्चीवर बसून दोन्ही पाय वापरून चालवत असते. म्हणून कथेतल्या ताईंना ती मशीन दिली तर अर्धी अडचण सुटेल आणि अर्धी तशीच राहील. शिवाय ती टेबलवाली मशीन आहे, जमिनीवर बसून चालत नाही.

हां, जुन्या विलायती घरगुती मशीनींमध्ये गुडघ्यानं स्पीड कमीजास्त करायचा दांडा कंपनीकडूनच यायचा, टेबलाच्या खालून लोंबायचा. माझ्याकडे तसं एक मॉडेल दुरुस्तीला आलं होतं. म्हणजे कथेतली कल्पना काही अशक्य कोटीतली नाही, फक्त आपल्याकडच्या बाजारात जी मोटर-किट मिळते तिच्यासोबत पायाचा डबाच येतो आणि दुकानदार पुढे विचार करत नाही.

आता पोट्ट्याच्या कामाबद्दल. बिजागरीची पट्टी चांगली. पण तो डबा आडवा कसला आहे तर एक पाहायला पाहिजे. ह्या रेग्युलेटरच्या आत स्पीड कमी ठेवताना वीज उष्णतेत जाते, म्हणून हळू चालवलं की डबा जास्त तापतो. आणि गळे शिवायचे म्हणजे सगळं काम हळूचंच. पायाखाली असताना कोणाला कळत नाही, इथे तो उघड्या मांडीच्या जवळ आहे, आणि पोलिओच्या पायाला स्पर्श कळतो तरी पाय झटकन बाजूला घेता येत नाही. अर्धा तास शिवून झाल्यावर हात लावून पाहायचा, हात ठेववत नसेल तर फळी आणि डब्याच्या मधे हवा खेळायला जागा सोडायची, कापड-बिपड गुंडाळायचं नाही. डबा खोलून आत काही करायला जाऊ नका कोणी, सरळ घरची लाईन आहे त्यात.

मोटर घुंई करून झटका देते त्याचं अर्धं कारण पट्टा असतो. नवीन माणूस पट्टा गच्च ताणतो. बोटानं दाबला तर थोडा आत जायला पाहिजे. गच्च असला की चाक जड होते, हळू स्पीडला मोटरमध्ये तेवढा जोर नसतो, म्हणून ती अडते आणि मग एकदम सुटते. आधी पट्टा सोडून चाक हातानं फिरवून पाहा, हलकं फिरत नसेल तर तेल द्या, मग मोटरला दोष द्या.

सौ_स्मिता_वर्धारोड

कथा छान आहे. मिस्त्री दादा इथे आहातच तर विचारते, माझ्या मशीनला वरून शिलाई एकदम सुंदर येते आणि खाली दोऱ्याचा गुच्छा होतो. मी बॉबिन केसचा स्क्रू घट्ट करून पाहिला, सैल करून पाहिला, बॉबिन बदलली, काही फरक नाही. केसच बदलावी का? हीच मोटर लावल्यानं जाईल का ते?

इतवारीचा मिस्त्री

ताई मोटरचा काही संबंध नाही. गुच्छा खाली दिसतो म्हणून सगळे केसच्या मागे लागतात, पण खाली गुच्छा म्हणजे बहुतेक वेळा वरचा दोरा सैल. दोरा ओवताना पाय वर उचललेला ठेवा, पाय खाली असला की टेन्शनच्या दोन चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मधे न बसता वरूनच जातो. पाय वर करून परत ओवा, मग पाय खाली करून दोरा ओढून पाहा, ओढताना अडला पाहिजे. केसचा स्क्रू जिथे होता तिथे परत आणा.

सौ_स्मिता_वर्धारोड

गेला गुच्छा!! किती दिवस नुसती वैतागली होते. धन्यवाद दादा.

रेवती_प

मी मशीनमधलं काही जाणत नाही पण कथेबद्दल बोलते. चाकाच्या खाचेतला गंज मला फार आवडला. पण तुमचा पोट्टा ताईंच्या घरी गेल्यावर दोनच प्रश्न विचारतो आणि पुढे सगळं तोच ठरवतो. ताई इतकी वर्षं एका हातानं शिवत आहेत, त्यांनी स्वतः काहीतरी जुगाड केले असतीलच ना? माझी आत्या अशीच कुबड्यांवर होती, घरात तिनं पन्नास गोष्टी आपल्या सोयीनं वळवून घेतल्या होत्या आणि पाहुणे येऊन तिला सल्ले द्यायचे तेव्हा तिला फार राग यायचा. आणि पैसे? सीझनमध्ये आबाजींची मोटर गेली, पोट्ट्याचे दिवस गेले, ताईंनी काय दिलं? फुकट घेतलं असेल तर ती बाई परत फोन करायला संकोचेल.

महालकर

रेवतीताई, पैशांचा प्रसंग लिहिलेला आहे, लांबी वाढते म्हणून पुढच्या भागात ठेवला होता, तेवढा तुकडा इथेच देतो:

"मोटरचे किती?" ताईंनी विचारलं. पोट्टा म्हणाला जुनी आहे, राहू द्या. ताईंनी मशीनचा बटण बोर्ड बंद केला. "मंग काढून घेऊन जा. उद्या बिघडली तर कोणत्या तोंडानं बोलावू तुले?" आबाजींनी जुन्या मोटरचा जो भाव इतवारीत चालतो तो सांगितला, आणि म्हणाले हप्त्यानं द्या. ताईंनी पहिला हप्ता परकराच्या गठ्ठ्यातून दिला, आबाजींनी मोजून घेतले, वहीत लिहिले.

आणि जुगाडाचं म्हणाल तर चौरंगाला ताईंनी डाव्या बाजूला एक गुळगुळीत पाटी टेकवलेली असते, कापडाचं वजन लोंबू नये म्हणून. जड कापड लोंबलं की तेच सुईला ओढते. पोट्टा ती पाटी पाहून आबाजींना सांगतो आणि दुकानातल्या मशीनला पण तशी लावतात.

रेवती_प

हे फार चांगलं आहे, हे पहिल्याच भागात घाला.

अमरावतीकर_सध्या_नागपूर

मी हा धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. माझा लहान भाऊ व्हीलचेअरवर आहे, अपघातानं कमरेखाली काहीच नाही, म्हणजे कथेतल्या कामठीच्या बाईसारखं. पॅन्टच्या कटिंगमध्ये हात अतिशय चांगला, एका दुकानाला कापून देतो, पण शिलाई दुसरा करतो आणि पैसे शिलाईवाल्याला जास्त. कोपराचा प्रयोग आम्ही केला, तेच झालं जे तुम्ही लिहिलंय, लाइन वाकडी. त्याला काही जमेल का, हे खरंच विचारतोय, कथेसाठी नाही.

विदर्भपुत्र_७

त्याला सर्व्हो मोटरवाली मशीन बघा ना. तिला स्पीड बांधून ठेवता येतो. हे तरी मी बरोबर बोलतोय का मिस्त्री?

इतवारीचा मिस्त्री

हे बरोबर. सर्व्होला डबीवर वरचा स्पीड बांधून ठेवता येतो, म्हणजे चुकून जास्त दाबलं गेलं तरी ती पळत नाही. हळू स्पीडला जोर पण साध्या मोटरपेक्षा चांगला, झटका देत नाही, आणि पॅन्टच्या जाड जोडावर अडत नाही. बऱ्याच सर्व्होंना सुई वर किंवा खाली थांबवायची सोय असते, तिचा गळ्याला उपयोग फार. शिवाय त्या मोटरला पायडलपासून एक सळई येते, ती सळई ओढली की मशीन चालते. ओढणारा पायच पाहिजे असं काही नाही. सळई वर टेबलाच्या काठापर्यंत आणून खांद्यानं, छातीनं, कशानंही ओढता येईल अशी बांधता येते.

पण दोन अडचणी सांगतो. व्हीलचेअर टेबलाखाली जाते का ते आधी मोजा, त्या टेबलाखाली मोटर आणि तेलाचं भांडं लोंबत असतं, गुडघे अडतात. आणि त्याला खाली स्पर्श कळत नसेल तर मोटर किंवा सळई मांडीला घासत राहिली तरी कळणार नाही, जखम होऊन बसेल, आणि ती लवकर भरत नाही. म्हणून गुडघ्याच्या वर फळी लावल्याशिवाय एक टाका मारायचा नाही.

भावाचं वरचं अंग कसं आहे? धड पुढे झुकवून परत सरळ होता येते का, की पाठीला टेका लागतो? त्यावर सगळं आहे.

अमरावतीकर_सध्या_नागपूर

टेका लागतो. पुढे झुकला तर हातानं धरून परत यावं लागते. डावा खांदा वर उचलता येतो चांगला, दोन्ही हात एकदम मजबूत.

शिलाई_मानेवाडा

खांदा उचलला की हात पण उचलला जाईल ना पण? कोपरासारखंच होईल.

इतवारीचा मिस्त्री

होऊ शकते. डावा हात शिवताना कापडावर नुसता टेकलेला ठेवून मुख्य वळवणं उजव्यानं केलं तर कदाचित चालेल, पण पॅन्टच्या साइडला चालेल आणि खिशाला नाही असं पण होऊ शकते. मी हे केलेलं नाही, त्यामुळे खात्रीनं नाही सांगत. महालकर, तुमच्या पुढच्या भागाची घाई करू नका. अमरावतीकर, टेबलाची आणि खुर्चीच्या हातांची उंची मोजून टाका, आणि भाऊ शिवायला बसल्यासारखा बसून डावा खांदा उचलतो तेव्हा तळहात किती सरकतो ते कागदावर पेन धरून पाहा, त्या रेघेचा फोटो टाका. रेघ लहान आली तर सळई मी बांधून देतो.

अमरावतीकर_सध्या_नागपूर

आज रात्री मोजतो. भाऊ म्हणतो पेन उजव्या हातात धरून पण एक रेघ काढतो, दोन्ही टाकतो.